मिसळीच्या हॉटेलचा मालक झोपतो कधी?

नाशिकमध्ये आठ टेबलांचं एक मिसळीचं हॉटेल आहे असं धरून चालू. नवरा-बायको मिळून चालवतात. हाताखाली दोन कारागीर, दोन वाढपी आणि भांड्यांना एक मावशी. पहाटे सव्वाचारला उठायचं आणि पाचला शटर वर करायचं. साडेसहाला पहिली मिसळ वाढायची, साडेसात ते साडेदहा मान वर करायला वेळ नाही. दुपारी थोडं थंड, पाचपासून वडा-भजी-चहा, साडेनऊला शेवटचं गिऱ्हाईक. मग गल्ला, भांडी, उद्याची मटकी भिजत घालणं, आणि साडेदहाला कुलूप. घरी जाऊन जेवेपर्यंत अकरा वाजून जातात आणि पाठ टेकते पावणेबाराला. झोप होते साडेचार तास. हॉटेलात जातात दिवसाचे साडेसतरा तास, म्हणजे आठवड्याचे सव्वाशेच्या आसपास.

हा आकडा लिहिताना मला अतिशयोक्ती करावी लागलेली नाही. खानावळ, दूध डेअरी, बेकरी, मेडिकल, किराणा यांतल्या कुठल्याही मालकाला विचारा, दहा-वीस तासांचा फरक निघेल इतकंच. असा माणूस काही वर्षांनी आतून रिकामा होत जातो, त्याला आज सगळे बर्नआउट म्हणतात. ते कशानं येतं आणि धंदा बंद न करता, वेळेची उधळपट्टी न करता त्यावर काय करता येतं, ते या एकाच हॉटेलच्या उदाहरणातून पाहू.

थकवा वेगळा, बर्नआउट वेगळं

जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये बर्नआउटची व्याख्या केली. त्यांच्या लेखी तो आजार नाही. कामावरचा ताण वर्षानुवर्षं तसाच राहिला, त्याचा निचरा झालाच नाही, तर होणारी ती अवस्था आहे. तिची तीन लक्षणं सांगितली आहेत: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाविषयी मनात दुरावा किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काम नीट होत नाही ही भावना.

हॉटेलात ही तीन लक्षणं कशी दिसतात, ते ओळखणं सोपं आहे. शक्ती संपली की माणूस सकाळी शटरच्या कुलपात किल्ली घालून तसाच उभा राहतो, वर ओढायचा हात होत नाही. कडवटपणा आला की "दादा, थोडा रस्सा वाढा" एवढ्यावर डोकं फिरतं. याच गिऱ्हाइकाला पाच वर्षांपूर्वी आपण हसत दोनदा रस्सा वाढलेला असतो. तिसरं लक्षण सर्वांत गुपचूप येतं. कटात मीठ दोनदा पडतं, पाववाल्याला सांगायचं राहून जातं, सुट्टे परत देताना शंभराच्या जागी पाचशेची नोट जाते. मालक स्वतःला बोल लावतो आणि चूक होऊ नये म्हणून आणखी तासभर जास्त थांबतो. इथून पुढे चक्र सुरू होतं.

नुसता थकवा असेल तर दोन रात्री नीट झोपलं की उतरतो. बर्नआउट दोन दिवसांच्या झोपेनं उतरत नाही. लग्नाला म्हणून चार दिवस गावी जाऊन आलो आणि परत आल्यावर पहिल्याच सकाळी पोटात गोळा आला, तर समजावं की प्रश्न नुसत्या झोपेचा राहिलेला नाही.

मात्र सगळा थकवा बर्नआउटच्या खात्यावर टाकू नये. रक्त कमी असणं, थायरॉईड, बी-12 कमी होणं, साखर, रक्तदाब यांतल्या कशानंही माणूस असाच गळून जातो. रात्री मोठ्यानं घोरणारा आणि आठ तास झोपूनही पेंगणारा मालक असेल तर झोपेत श्वास अडखळण्याचा त्रासही असू शकतो. म्हणून सुरुवातीलाच एकदा रक्ततपासणी आणि रक्तदाब पाहून घ्यावा. हा खर्च टाळू नये.

तासांचा हिशेब शरीर ठेवतंच. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी 2021 मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला 35 ते 40 तास काम करणाऱ्यांशी तुलना केली, तर 55 किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्क्यांनी आणि हृदयविकारानं मृत्यूचा धोका सुमारे 17 टक्क्यांनी जास्त आढळला. आपल्या उदाहरणातलं जोडपं 55 च्या दुपटीच्याही पुढे आहे. त्यांना 40 तासांवर आणणं मला तरी शक्य दिसत नाही, आणि तसा सल्ला देणाऱ्यानं कधी हॉटेल चालवलेलं नसतं. पण सव्वाशेवरून नव्वदच्या घरात येणं शक्य आहे, आणि एवढ्यानंही माणूस पुन्हा माणसात येतो.

आधी झोप, कारण बाकी सगळं तिच्यावर आहे

"मला पाच तास पुरतात, सवय झालीय" हे वाक्य प्रत्येक मालकाच्या तोंडी असतं. 2003 मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला. काही लोकांना सलग दोन आठवडे रोज फक्त सहा तास, काहींना चारच तास झोपू दिलं आणि त्यांचं लक्ष, स्मरणशक्ती तपासत राहिले. दोन आठवड्यांत त्यांची अवस्था एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसासारखी झाली. यातली महत्त्वाची गोष्ट पुढे आहे: चुका रोज वाढत होत्या, पण स्वतःला किती झोप येतेय याचा त्यांचा अंदाज काही दिवसांनी जागच्या जागी थांबला. म्हणजे शरीराला सवय होत नाही, फक्त जाणवेनासं होतं. म्हणून "मला चालतं" हे मालकाचं स्वतःचं मत या बाबतीत पुरावा धरता येत नाही.

मग साडेचार तासांची झोप पावणेसातवर कशी न्यायची? उठायची वेळ फार हलणार नाही, कारण सकाळचं गिऱ्हाईक हेच हॉटेलचं पोट आहे. मिळणारा वेळ रात्रीच्या टोकालाच मिळेल. तिथे तीन गोष्टी झोप खातात: उशिरापर्यंत उघडं ठेवणं, बंद केल्यावरचा हिशेब, आणि चहा.

चहाचं आधी सांगतो. हॉटेलवाला दिवसभरात कटिंग किती पितो हे तो कधी मोजत नाही. चव पाहायला एक, सप्लायर आला म्हणून एक, डोळे मिटायला लागले म्हणून एक. घेतलेल्या कॅफिनपैकी साधारण निम्मं पाच तासांनंतरही रक्तात असतं. संध्याकाळी सातचा चहा रात्री बारापर्यंत अर्धा शिल्लक असतो. माणूस थकून पडतो म्हणून झोप लागते खरी, पण ती उथळ राहते आणि सकाळी पुन्हा चहाच लागतो. दुपारी चारच्या चहानंतर बंद, एवढा एकच नियम पुरे. चव पाहायची असेल तर चमचाभर घ्यावा. पहिले चार-पाच दिवस डोकं दुखेल, पुढे थांबतं.

दुसरं, रात्रीचा हिशेब. गल्ला मोजला, पंचावन्न रुपये कमी आले, की त्या पंचावन्न रुपयांसाठी डोकं अर्धा तास गरगरत राहतं आणि तेच घेऊन माणूस अंथरुणावर पडतो. रात्री गल्ला फक्त थैलीत भरून कुलपात ठेवावा. मोजणी दुसऱ्या दिवशी दुपारच्या थंड वेळात करावी. एका दिवसानं काही बिघडत नाही. रात्री करायचं काम एकच: शटर ओढण्याआधी पाच मिनिटं उभ्या-उभ्या उद्याची यादी कागदावर लिहायची. मटकी किती, पावाच्या लाद्या किती, गॅसची बाटली बदलायची का, कोण सुट्टीवर आहे. अमेरिकेतल्या एका छोट्या अभ्यासात असं दिसलं की झोपण्यापूर्वी पाच मिनिटं उद्याच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना, झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा लवकर झोप लागली. अनुभवही तोच आहे. कागदावर उतरलेलं काम रात्री दोनला जागं करत नाही.

तिसरं, उशिरापर्यंत उघडं ठेवणं. याला हिशेबच लागेल.

कोणता तास किती कमावतो

दोन आठवडे एक वही गल्ल्यावर ठेवायची. प्रत्येक तासाला त्या तासाचा धंदा लिहायचा, रोख आणि ऑनलाइन मिळून. बाकी काही नको. बहुतेक मालकांना दिवसाचा गल्ला तोंडपाठ असतो, पण तासाचा कधी माहीत नसतो, आणि विश्रांतीची सगळी जागा त्याच अज्ञानात दडलेली असते.

आपल्या हॉटेलचं चित्र असं निघालं समजा: दिवसाचा धंदा 12,000 रुपये. त्यातला निम्म्याहून जास्त सकाळी साडेदहापर्यंत, बराचसा संध्याकाळी पाच ते आठ. दुपारी दोन ते चार या दोन तासांत मिळून 500 रुपये. रात्री साडेआठ ते साडेनऊ 400 रुपये. या 900 रुपयांतून माल आणि गॅस वजा केला तर साधारण निम्मे, म्हणजे 450 रुपये हातात राहतात. भाडं आणि पगार तर उघडं असो वा बंद, द्यायचेच आहेत. या 450 रुपयांसाठी नवरा-बायको दोघंही तीन-तीन तास बसतात. दोघांचे मिळून सहा तास, म्हणजे तासाला माणशी 75 रुपये.

महिन्याला हे साडेतेरा हजार होतात, आणि ती रक्कम लहान नाही. जो कर्जाचे हप्ते भरतोय त्याला मी "सोडून दे" असं सहज म्हणणार नाही. पण हे सगळे पैसे बुडत नाहीत. रात्री पावणेनऊला येणारं ओळखीचं गिऱ्हाईक दोन-तीन आठवड्यांत सव्वाआठला यायला शिकतं, कारण त्याला मिसळ हवी असते. दुपारचं सगळं सोडायचं नसेल तर त्या दोन तासांत फक्त चहा ठेवावा, आणि तो एका वाढप्यानं सांभाळावा. आळीपाळीनं, म्हणजे त्यांनाही विश्रांती मिळते.

तेव्हा निर्णय असा: दुपारी दोन ते चार मालक-मालकीण हॉटेलात नसणार. रात्री शेवटची ऑर्डर सव्वाआठला, शटर पावणेनऊला. सव्वानऊला घरी, साडेनऊला जेवण, दहाला अंथरूण. मटकी भिजवणं, वाटण करणं दुपारी चारनंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात उरकलं, तर सकाळचं उठणंही पावणेपाचवर जातं. झाली पावणेसात तासांची झोप.

दुपारच्या दोन तासांबद्दल दोन शब्द. दीड-दोननंतर शरीराची स्वतःची एक मंदी असते, ती जेवणामुळे वाढते पण जेवण नसतानाही येते. त्या वेळी वीस-पंचवीस मिनिटं झोपणं फार कामाचं. गजर लावूनच झोपावं. पाऊण-एक तास झालं की झोप खोल जाते आणि मधूनच उठल्यावर डोकं जड राहतं, संध्याकाळी चिडचिड वाढते, शिवाय रात्रीची झोपही पुढे ढकलली जाते. खुर्चीत, गल्ल्यामागे पेंगणं याला झोप म्हणू नये. आडवं व्हावं, पाय सुजत असतील तर खाली उशी घेऊन वर ठेवावेत. दिवसभर उभं राहणाऱ्याच्या पिंडऱ्यांना याचा लगेच फरक पडतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिणं मला गरजेचं वाटतं. हे दोन तास बहुतेक घरांत नवऱ्यालाच मिळतात. बायको हॉटेलातून घरी येते आणि धुणं, सासूबाईंची औषधं, मुलांचा डबा, अभ्यास यांत तेच दोन तास संपतात. धंद्यातल्या बाईचं बर्नआउट लवकर येतं आणि कोणी ते मोजत नाही. म्हणून दुपारचं वेळापत्रक ठरवताना आठवड्यातले किमान चार दिवस तिची दुपार मोकळी धरायची, घरकामाला बाई लावायची ती हॉटेलच्या खर्चात धरायची, आणि रात्रीचं जेवण आपल्याच हॉटेलच्या स्वयंपाकघरात कारागिराकडून पोळी-भाजी करून घेऊन घरी न्यायचं. आठ टेबलं जेवू घालणाऱ्या घरातल्या बाईनं रात्री साडेनऊला पुन्हा गॅस पेटवावा, याला काही अर्थ नाही.

आणि जेवणाचंही तसंच. अन्नाच्या धंद्यातला माणूस बसून जेवत नाही, येता-जाता फरसाण, भजी तोंडात टाकतो. सकाळची गर्दी ओसरली की पावणेअकराला पंधरा मिनिटं टेबलावर बसून, ताटात घेऊन जेवायचं. रिकाम्या पोटी चहावर चहा ढकलल्यानं जी जळजळ आणि जो राग साडेअकराला उफाळतो, त्यातला बराचसा इथेच थांबतो.

मालक गेला तर कटाची चव जाते

इतकं सगळं ठरतं आणि तरी होत नाही. चौथ्या दिवशी मालक दुपारी अडीचला परत गल्ल्यावर दिसतो. का? कारण हॉटेल त्याच्या डोक्यात आहे, बाहेर कुठेच नाही. मसाल्याचं प्रमाण त्याच्या हातात, सप्लायरचे नंबर त्याच्या फोनमध्ये, कपाटाची किल्ली त्याच्या खिशात. दर दहा मिनिटांनी कोणीतरी विचारायला येतं. लांबच्या तासांपेक्षाही मालकाला जास्त कुरतडणारी गोष्ट हीच असते असं माझं मत आहे: कधीही, कोणत्याही क्षणी आपल्याला हाक येऊ शकते. तेवढ्यामुळे घरी असतानाही शरीर हॉटेलातच राहतं, आणि ताण उतरायला जी सैल वेळ लागते ती मिळत नाही.

म्हणून विश्रांतीची खरी तयारी स्वयंपाकघरात होते. कटाचं प्रमाण एकदा वजनकाट्यावर उतरवून काढावं. "एवढा कांदा, मूठभर खोबरं" हे मालकाच्या मुठीचं माप आहे, ते दुसऱ्याच्या मुठीत बसत नाही. आठवडाभर प्रत्येक वेळी घालण्याआधी वजन करून लिहावं, मग पाच किलो मटकीला कांदा किती, सुकं खोबरं किती, तिखट किती, मीठ किती असा तक्ता भिंतीवर लावावा. काळा मसाला गुपित ठेवायचा असेल तर ठेवा. तो महिन्यातून एकदा घरी करून, एका दिवसाला लागेल इतक्या पाकिटांत भरून ठेवला की कारागिराला फक्त पाकीट फोडायचं राहतं. गुपितही राहतं आणि तुमची दुपारही.

मग एका कारागिराला टप्प्याटप्प्यानं पुढे करावं. पहिले काही दिवस त्यानं तक्ता पाहून कट करायचा आणि तुम्ही शेजारी उभं राहायचं. पुढे तुम्ही गल्ल्यावर असायचं, आत जायचं नाही. त्यानंतर तुम्ही घरी, पण फोन चालू. शेवटी फोनही बायकोकडे किंवा भावाकडे. पहिल्याच दिवशी थेट घरी गेलात आणि कट बिघडला, की "माझ्याशिवाय होत नाही" हे कायमचं पक्कं होतं. चव नव्वद टक्के जमली तर तेवढ्यावर थांबावं. उरलेल्या दहा टक्क्यांसाठी स्वतःला आयुष्यभर बांधून घेणं परवडत नाही. या कारागिराचा पगार वाढवावा लागेल, तो वाढवा. जबाबदारी वाढवून पगार तोच ठेवला तर सहा महिन्यांत तो समोर स्वतःचं हॉटेल काढतो किंवा दुसरीकडे जातो.

दुसरी भीती पैशांची. "मी नसलो की गल्ल्यातून जातात." कधी कधी खरंच जातात. पण त्यावर पहारा हा एकच उपाय नाही. मिसळीच्या हॉटेलात पावाचा हिशेब फार उपयोगाचा आहे. एका लादीत सहा पाव. वीस लाद्या घेतल्या तर 120 पाव. संध्याकाळी 12 उरले, तर 108 गेले. एका मिसळीला दोन पाव देत असाल आणि 48 मिसळींची बिलं असतील, तर 96 पाव त्यांचे आणि 12 जादा पावांचे पैसे दिसायला हवेत. दिसले तर मिसळीचा गल्ला बरोबर आहे. पाच मिनिटांत होणारी ही तपासणी दोन तास बसून राहण्यापेक्षा पक्की आहे. शिवाय आता बरेचसे पैसे यूपीआयनं थेट खात्यात येतात, रोकड मुळात कमी झाली आहे. मात्र साउंडबॉक्सबरोबर येणारे संदेश दुपारी स्वतःच्या फोनवर वाजत राहिले तर विश्रांती गेलीच. ते दोन तासांपुरते बंद करता येतात.

आणि तिसरी गोष्ट, जी सगळं वेळापत्रक एका फटक्यात मोडते: माणूस न येणं. कारागीर शेतीच्या कामाला, लग्नाला, सणाला गावी जातो आणि आठ दिवस म्हणून गेलेला वीस दिवसांनी येतो. त्या वीस दिवसांत मालक तीन माणसांचं काम ओढतो, आणि बर्नआउटची सुरुवात बहुतेक वेळा अशाच एखाद्या ओढीतून होते. यावर सगळ्यात सरळ तोड म्हणजे आधीच ठरवलेला छोटा मेनू. एक माणूस कमी तर डोसा बंद. दोन कमी तर फक्त मिसळ, पोहे, चहा. तशी पाटी तयार करून आत ठेवावी, त्या दिवशी सकाळी फक्त बाहेर लावायची. धंदा थोडा कमी होईल, पण गिऱ्हाईक मिसळीसाठी येतं आणि मिसळ मिळत असते. हा निर्णय शांत डोक्यानं आधीच घेतलेला असला पाहिजे, कारण पहाटे पाच वाजता, कारागिराचा फोन लागत नसताना, मालक नेहमी "करतो मी सगळं" असंच ठरवतो.

आठवड्याची सुट्टी

1948 च्या जुन्या दुकाने आणि आस्थापना कायद्यानं दुकानांना आठवड्यातून एक दिवस बंद ठेवावं लागायचं. "अमुक वारी बाजार बंद" ही आपल्या शहरांची ओळख त्यातूनच पक्की झाली. त्या दिवशी नोकराबरोबर मालकालाही आपोआप सुट्टी मिळायची, कारण शेजारचंही दुकान बंद असायचं आणि गिऱ्हाईक तुटायची भीती नव्हती. 2017 च्या नव्या कायद्यानं वर्षभर दुकान उघडं ठेवायची मुभा दिली आणि कामगारांना आळीपाळीनं साप्ताहिक सुट्टी ठेवली. मालकाच्या सुट्टीबद्दल कायदा काही बोलत नाही, आणि बोलेल अशी अपेक्षाही नाही. ती आता ज्याची त्यानं ठरवायची आहे.

पूर्ण दिवस जमत नसेल तर अर्ध्यापासून सुरुवात करावी. वहीत सगळ्यात कमी धंद्याचा वार दिसेलच. समजा मंगळवार निघाला आणि मंगळवारी दुपारनंतरचा धंदा 3,600 रुपयांचा आहे. निम्मा माल-गॅस वाचला, तर नुकसान 1,800 रुपयांचं. पिग्मी एजंट आठवड्यातले सहा दिवस दारात येतोच. त्याच्याकडे रोज 300 रुपयांचं एक वेगळं खातं उघडलं तर आठवड्याला नेमके 1,800 जमतात. पैसे खिशातूनच जातात हे खरं, पण रोज थोडे गेलेले मंगळवारी एकदम बोचत नाहीत. सुट्टीचा निर्णय दर आठवड्याला नव्यानं घ्यावा लागू नये, हाच त्याचा उपयोग. बाहेर पाटी लावावी, "मंगळवारी दुपारी 1 नंतर बंद". पाववाल्याला, दूधवाल्याला, भाजीवाल्याला त्या दुपारी फोन करू नका असं तोंडानं सांगावं. ऐकतात.

त्या दुपारी काय करायचं? दुकानाशी संबंध नसलेलं काहीही, पण बँकेची आणि गॅस एजन्सीची कामं नकोत. हॉटेलबद्दल बोलायचं नाही असं दोघांनी ठरवावं. "अहो, तो फ्रीजचा आवाज…" असं सुरू झालं तर "उद्या सकाळी बोलू, यादीत लिही" म्हणावं आणि खरोखर लिहावं. वर्षातून एकदा आठ दिवस फिरून येण्याचा ताजेपणा दोन-चार आठवड्यांत ओसरतो, हे सुट्ट्यांवरच्या अभ्यासांत वारंवार दिसलं आहे. जायला हरकत नाही. पण वर्षाची ओढ त्या आठ दिवसांवर निघत नाही, ती मंगळवारांवर निघते.

फरक पडतोय का, कसं कळणार?

नवं वेळापत्रक किमान सहा आठवडे तरी चालवून पाहावं. पहिले दोन आठवडे उलट जास्त अस्वस्थ वाटतं, हात रिकामे वाटतात, घरात बसवत नाही. मग तीन गोष्टी पाहाव्यात: रात्री दहाला झोपल्यावर किती वेळा जाग येते, आठवड्यात किती वेळा गिऱ्हाइकावर किंवा कामगारावर आवाज चढला, आणि सकाळी शटरपाशी कसं वाटतं. आवाज चढल्याचं स्वतःला लक्षात राहत नाही. ते बायकोला किंवा जुन्या वाढप्याला विचारावं, आणि उत्तर आलं की वाद घालू नये.

सहा आठवड्यांनी झोप सुधारली, चुका कमी झाल्या, पण छातीवरचं ओझं तसंच आहे, तर मूळ बहुधा पैशांत असतं. भाडं धंद्याच्या मानानं फार झालंय, कर्ज महिन्याच्या नफ्यापेक्षा मोठा हप्ता मागतंय, किंवा समोर नवं हॉटेल आलंय. अशा वेळी आणखी विश्रांतीनं उपयोग होत नाही. वही घेऊन हिशेबनीसाकडे बसावं, हप्ता लांबवून मिळतो का ते बँकेला विचारावं, जागा लहान करावी, आणि आकडे सलग वर्षभर उलटेच निघत असतील तर धंदा विकण्याचाही विचार करावा.

आणि एक फरक नीट लक्षात ठेवावा. बर्नआउटमधला माणूस हॉटेलपासून लांब गेला की थोडा तरी मोकळा होतो, नातवाशी खेळतो, जेवणाला चव लागते. मंगळवारीही काहीच आवडत नसेल, घरच्यांत असूनही रडू येत असेल, भूक गेली असेल, "आपण नसलो तर बरं" असा विचार येत असेल, तर ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर डॉक्टरांकडे उपचार आहेत. सरकारची टेली-मानस ही सेवा 14416 या नंबरावर चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. हा नंबर मालकानं स्वतः लावायची वाट पाहू नये. घरातल्या कुणीही तो फिरवून आधी विचारून घेतलं तरी चालतं.